डोळे तपासायचे आहेत, पण कधी आणि कसे?

‘उद्या नेत्रतपासणी आहे. संमतीपत्र सही करून पाठवावे.’ वहीत एवढीच ओळ आली, तर पालक सही करतात, नाहीतर कागद दप्तरातच राहतो. दोन्ही वेळा नुकसान मुलाचेच.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत जाऊन मुले तपासतात. तिथे मूल तक्त्यापासून ठरावीक अंतरावर, बहुधा सहा मीटरवर, उभे राहते आणि एकेक डोळा झाकून अक्षरे वाचते. अक्षरे न येणारी मुले इंग्रजी ‘ई’सारख्या चिन्हाचे तोंड कोणत्या बाजूला आहे, ते हाताने दाखवतात. बोटांच्या फटीतून झाकलेल्या डोळ्याने पाहणे आणि रांगेत उभे असताना पुढच्याचे ऐकून ओळ पाठ करणे, या दोन गोष्टींमुळे निकाल हमखास चुकतो. म्हणून रांग खोलीबाहेर हवी, आणि त्यासाठीच वर्गवार वेळ लागते.

समजा, पहिली ते चौथीच्या प्रत्येक वर्गात तीस मुले आहेत आणि दोन तक्ते लावले आहेत. एका मुलाला दोन मिनिटे धरली, तर वर्ग अर्ध्या तासात होतो. पण लहान मुलांना समजावून सांगण्यात वेळ जातो. त्यामुळे पहिलीला 10.30 ते 11.15, दुसरीला 11.15 ते 12, तिसरीला 12 ते 12.30 आणि चौथीला 12.30 ते 1 अशी वेळ द्यावी. ज्यांना नीट वाचता आले नाही, त्यांना मधल्या सुट्टीनंतर पुन्हा बोलवावे. थकलेले किंवा घाबरलेले मूलही चुकते. चष्मा असलेल्या मुलाने तो आणलाच पाहिजे, ही ओळ सूचनेत ठळक हवी.

संमतीपत्राचा खरा मुद्दा थेंबांचा आहे. तक्ता वाचण्याने डोळ्याला काहीच होत नाही. चष्म्याचा नंबर नेमका काढण्यासाठी मात्र रुग्णालयात बाहुली मोठी करणारे औषध घालावे लागू शकते. त्यानंतर काही तास, तर काही औषधांनी काही दिवस जवळचे धूसर दिसते आणि उजेड सोसत नाही. त्यामुळे तपासणीची संमती वेगळी आणि थेंबांची वेगळी घ्यावी. दोन्हींपुढे ‘हो’ आणि ‘नाही’ अशा चौकटी असाव्यात. मुलाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, फिट येतात का, घरात कुणाला तिरळेपणा आहे का, हेही त्यातच विचारावे. कागद परत आला नाही म्हणजे होकार, असे शाळेने समजू नये. वर्गशिक्षकांनी फोन करावा.

तपासणीत नापास म्हणजे चष्मा लागलाच, असे नाही. पुढची तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. पण ती टाळू नये. एका डोळ्याने कमी दिसणारे मूल दुसऱ्याच्या जोरावर वावरते, तक्रार करत नाही, आणि मंददृष्टीवरचे उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर अधिक लागू पडतात. पालकांनी चिठ्ठी मिळताच नेत्रतज्ज्ञांकडे जावे.