सूर्य जवळ येतो तेव्हा ढाणकीत थंडी असते

ढाणकीतल्या एखाद्या घरात रात्री वीज गेली आहे आणि एक मुलगा टॉर्च नि टेनिसचा चेंडू घेऊन धाकट्या बहिणीला ऋतू समजावतो आहे, अशी कल्पना करू. ‘दादा, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो ना?’ असं ती विचारते. तो चेंडू टॉर्चजवळ नेतो, चेंडू लख्ख उजळतो आणि दोघांचंही समाधान होतं. इथेच फसगत होते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. आणि सर्वांत लांब जाते ती जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15 कोटी 21 लाखांवर. पन्नास लाख किलोमीटरचा फरक ऐकायला अवाढव्य वाटतो. पण टॉर्च आणि चेंडूमधलं सरासरी अंतर एक मीटर धरलं, तर जानेवारीत चेंडू 98.3 सेंटिमीटरवर आणि जुलैत 101.7 सेंटिमीटरवर धरावा लागेल. मुलाने चेंडू वीतभर पुढे नेला, म्हणून उजेड वाढला. पुस्तकातली आकृतीही अशीच फसवते: कक्षा तिरकस बाजूने पाहिल्यासारखी काढतात, त्यामुळे जवळपास गोल असलेली वाट लांबट अंडाकृती दिसते.

यावर आक्षेप येईल की फरक थोडा असला तरी परिणाम होतच असेल. होतो, जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त ऊन मिळतं. पण ऋतू त्यानेच ठरत असते, तर साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आला असता. डिसेंबर-जानेवारीत भारतीय संघ ऑस्ट्रेलियात खेळतो, तेव्हा तिथे ऐन उन्हाळा असतो आणि पहाटे सामना लावणारा इथला माणूस गोधडीत असतो. सूर्यापासूनचं अंतर दोघांनाही सारखंच.

मग चेंडूचं नेमकं करायचं काय? त्यात झाडूची एक काडी आरपार खोवायची. हा पृथ्वीचा आस. काडीच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर विषुववृत्ताची रेघ मारायची आणि तिच्या वर साधारण 1.1 सेंटिमीटरवर टिकली लावायची. टेनिसच्या चेंडूचा घेर 21 सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि ढाणकी विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेएकोणीस अंशांच्या जरा पुढे आहे, म्हणून हे माप. आता काडी उभ्यापासून साडेतेवीस अंश कलती करून चेंडू टॉर्चभोवती फिरवायचा. टॉर्च जागच्या जागी वळवत चेंडूकडे ठेवायचा, पण काडीचं वरचं टोक मात्र सतत एकाच भिंतीकडे हवं, कारण खऱ्या पृथ्वीचा आस वर्षभर ध्रुवताऱ्याकडेच रोखलेला असतो. बहुतेकांचा प्रयोग इथेच बिघडतो. चेंडूबरोबर मनगटही वळतं, वरचं टोक प्रत्येक ठिकाणी टॉर्चकडेच झुकतं, आणि टिकलीवर बारा महिने उन्हाळा राहतो.

हात स्थिर राहिला आणि प्रत्येक ठिकाणी काडी स्वतःभोवती फिरवून टिकली टॉर्चसमोर आणली, तर एका बाजूला टिकलीवर प्रकाश जवळजवळ सरळ पडतो आणि समोरच्या बाजूला तिरपा. ढाणकीत 21 जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून 86 अंशांवर असतो, 22 डिसेंबरच्या सुमारास 47 अंशांवर. भिंतीवर सरळ धरलेल्या टॉर्चचा दहा सेंटिमीटरचा गोल 47 अंशांत तिरपा केला, तर तो जवळपास चौदा सेंटिमीटर लांब होतो. तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो आणि फिका पडतो. भरीला दिवसाची लांबी: जूनमध्ये सव्वातेरा तास, डिसेंबरात अकरा. दोन्ही हिशेब एकत्र केले, तर वातावरणाचा परिणाम सोडून डिसेंबरातल्या दिवसाचं ऊन जूनच्या दोन-तृतीयांशच भरतं, आणि यात जवळिकीची ती सात टक्क्यांची मदतही धरलेली आहे. झुकल्यामुळे उत्तर गोलार्ध सूर्याच्या जवळ जातो, हाही उरलासुरला गैरसमज. पृथ्वीचा अख्खा व्यासच सुमारे पावणेतेरा हजार किलोमीटर, मग पंधरा कोटींपुढे त्या झुकण्याने काय जवळ येणार?

बहीण हुशार असेल, तर खरा पेच यानंतर टाकेल: ‘मग जूनपेक्षा मे जास्त का तापतो?’ चेंडूकडे याचं अर्धंच उत्तर आहे. ढाणकी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, 18 मेच्या आसपास उत्तरेकडे जाताना आणि 25 जुलैच्या आसपास परतताना. पहिल्या खेपेला आभाळ कोरडं आणि जमीन आधीच तापलेली असते. जूनमध्ये मोसमी ढग येतात, ऊन अडवतात आणि पाऊस जमीन निववतो. त्या ढगांमागेही कलत्या आसाने तापवलेली जमीन आहेच. पण समुद्र, वारा आणि बाष्प टॉर्चच्या खेळात मावत नाहीत, म्हणून पावसाळा या चेंडूवर दाखवता येत नाही.

सूर्याचा डोक्यावरचा मुक्काम मात्र अंगणात पाहता येतो. मेच्या त्या दिवसांत दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सपाट जागी उभ्या ठेवलेल्या डब्याची सावली त्याच्या बुडाखालीच नाहीशी होते. जुलैत हेच पुन्हा घडतं, फक्त तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं.