जमिनीवरची दहा मिनिटं

साउथवेस्ट एअरलाइन्सने 1971 च्या जूनमध्ये टेक्सासमधल्या डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांदरम्यान उड्डाणं सुरू केली. वर्षभरातच पैशांची तंगी इतकी वाढली, की चारपैकी एक बोइंग 737 विकावं लागलं. विमानं तीन राहिली, वेळापत्रक मात्र चारचंच चालवायचं ठरलं. त्यासाठी विमानतळावर उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा निघायला हवं होतं.

हे शक्य कसं झालं, हे समजायला मायकल पोर्टर यांनी 1985 मध्ये मांडलेली मूल्यसाखळी फार उपयोगी पडते. कंपनीचं काम ते नऊ क्रियांमध्ये विभागतात. मालाची आवक, प्रत्यक्ष उत्पादन किंवा सेवा, जावक, विक्री आणि विक्रीनंतरची सेवा या पाच मुख्य क्रिया. खरेदी, तंत्रज्ञान, मनुष्यबळ आणि व्यवस्थापनाची चौकट या चार पूरक. कंपनीचा हिशेब पगार, इंधन, भाडं अशा खात्यांत लिहिलेला असतो. तोच खर्च क्रियांनुसार पुन्हा मांडला, की कोणत्या कामाला किती पैसा लागतो आणि तो का लागतो, हे दिसू लागतं.

दहा मिनिटांचं मोल किती, हे एका काल्पनिक आकडेमोडीतून पाहू. उड्डाण एक तासाचं, विमान जमिनीवर चाळीस मिनिटं आणि कामाचा दिवस चौदा तासांचा. म्हणजे एका फेरीला शंभर मिनिटं आणि दिवसाला आठ फेऱ्या. जमिनीवरचा वेळ दहा मिनिटांवर आणला, तर फेरी सत्तर मिनिटांची होते आणि दिवसाला बारा फेऱ्या निघतात. पहिल्या पद्धतीने चार विमानं बत्तीस फेऱ्या करतील. दुसऱ्या पद्धतीने तीनच विमानं छत्तीस. विमानाचा हप्ता आणि विमा रोज तेवढाच, तो आता जास्त तिकिटांवर वाटला जातो.

मात्र ही दहा मिनिटं एकट्या धक्क्यावरच्या माणसांनी वाचवलेली नव्हती. ठरावीक आसन नसल्यामुळे प्रवासी आत येऊन मिळेल तिथे बसत. जेवण देत नसल्यामुळे ट्रे चढवा-उतरवायचे नव्हते आणि साफसफाईही थोडक्यात उरके. दुसऱ्या कंपनीच्या विमानात सामान पाठवायची जबाबदारी घेतलेली नव्हती, त्यामुळे दुसऱ्याच्या उशिरापायी खोळंबा नव्हता. हवाई सेविका आसनं आवरत, गरज पडली तर वैमानिकही हात लावत. हे शेवटचं मनुष्यबळाचं काम: अशी माणसं निवडायची आणि ‘हे माझं काम नाही’ असं म्हणायला जागा राहणार नाही, असे करार करायचे. खरेदीनेही मोठा वाटा उचलला. एकाच जातीचं विमान असल्यामुळे सुट्या भागांचा साठा एक, प्रशिक्षण एक आणि कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर.

माझ्या मते विद्यार्थ्यांकडून सर्वांत जास्त निसटतो तो हाच मुद्दा. एका कप्प्यात केलेली बचत किंवा वाढवलेला खर्च बहुतेक वेळा दुसऱ्याच कप्प्यात फळ देतो. धक्क्यावर माणसं कमी केली, तर त्या खात्याचा खर्च उतरलेला दिसेल. पण विमान वीस मिनिटं जास्त उभं राहिलं, तर त्याची किंमत विमानाच्या हप्त्यात मोजावी लागेल आणि त्या खात्याच्या अहवालात ती कुठेच येणार नाही. म्हणून प्रत्येक क्रियेचा खर्च मांडून झाल्यावर, ती बदलली तर शेजारच्या कोणत्या क्रियेचा खर्च हलतो, हेही लिहायला हवं.

कॉन्टिनेंटलने 1993 मध्ये ‘कॉन्टिनेंटल लाइट’ काढून काही मार्गांवर हीच पद्धत उचलली. भाडी उतरवली, जेवण बंद केलं, फेऱ्या वाढवल्या. पण त्याच कंपनीच्या इतर मार्गांवर पूर्ण सेवा चालू होती, त्यामुळे दलालांचं कमिशन, सामानाची अदलाबदल आणि आसनवाटप तसंच राहिलं. मोठ्या केंद्रांवरची गर्दी आणि सामानाची हलवाहलव यांत उड्डाणं रखडू लागली. 1995 मध्ये तो प्रयोग गुंडाळावा लागला.

साउथवेस्टचा फायदाही कायमचा नव्हता. विमानं मोठी झाली, सुरक्षा तपासणी वाढली आणि दहा मिनिटं मागे पडली. 2022 च्या डिसेंबरातल्या हिमवादळानंतर तर दुखणं पूरक क्रियेत निघालं. कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारी संगणकप्रणाली हजारो बदल एकाच वेळी पेलू शकली नाही. विमानं शहराशहरांतून थेट फिरत असल्यामुळे वैमानिक आणि सेवक देशभर विखुरलेले होते. कोण कुठे आहे, हे फोनवरून जुळवावं लागलं. सोळा हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली आणि वर्षभरानंतर अमेरिकी परिवहन विभागाने 14 कोटी डॉलरचा दंड आकारला. तंत्रज्ञानाच्या कप्प्यात जे वर्षानुवर्षं खर्च झालं नव्हतं, ते प्रवाशांची भरपाई, परतावे आणि दंड यांच्या रूपाने काही दिवसांत सेवेच्या कप्प्यात येऊन पडलं.