भिजलेली साडी, पण पाण्याविना

गेल्या वर्षी आमच्या गटाच्या नाटकात पावसात भिजून आलेली सून होती. आम्ही तिच्या फिकट साडीवर पाणी शिंपडलं. दिव्याखाली आतलं सगळं दिसू लागलं. बिचारी पदर सावरताना संवादच विसरली.

असं का झालं? सुती धाग्यांच्या फटींत हवा असते, त्यामुळे उजेड विखुरतो आणि आरपार दिसत नाही. फटींत पाणी भरलं की उजेड आत शिरतो. म्हणून ओलं कापड गडद दिसतं आणि पारदर्शकही होतं. आपल्याला फक्त गडदपणा हवा.

यंदा आम्ही जुनी, जाड सुती विटकरी साडी घेतली. कापडावर लावायच्या विटकरी रंगात थोडा तपकिरी मिसळून तो पाण्याने पातळ केला. साडी सपाट पसरून डोक्यावरचा पदर, खांदे आणि खालचा काठ स्पंजने टिपले. पाऊस वरून पडतो आणि काठ जमिनीवरचं पाणी शोषतो, म्हणून मधला भाग बराचसा कोरडा ठेवला. रंग ओला असतानाच त्याच्या कडा ओल्या ब्रशने पुसट केल्या. नाहीतर सांडलेल्या चहाचे डाग वाटतात.

पूर्ण वाळल्यावरच साडी नेसवली, त्यामुळे अंगाला रंग लागला नाही, चेहरा-हातही नेहमीसारखेच राहिले. जवळून बघितलं तर साडी अंगाला चिकटलेली नाही हे कळतं, पण तिसऱ्या रांगेपासून ती भिजलेलीच वाटते. प्रयोगाआधी साडी बल्बसमोर धरून आरपार दिसत नाही ना, एवढं मात्र पाहा.