भेस्तानच्या फलाटावर रामराम का नाही?

सुरतेच्या भेस्तान, उधना भागात खानदेशातून आलेली कितीतरी मराठी घरं आहेत. तिथल्या मुलांनी एक गोष्ट हमखास पाहिलेली असते. सुट्टीत गावी गेलं की बाबा वाटेत भेटेल त्याला रामराम घालतात, अगदी अनोळखी माणसालाही. तेच बाबा भेस्तान स्टेशनवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघतसुद्धा नाहीत! बाबा बदलले की काय?

चला, हिशेब करू. शेताकडे जाताना समजा तीस माणसं भेटली. एका रामरामाला तीन सेकंद धरले, तर दीड मिनिटात काम झालं. आता फलाटावर हजार माणसं आहेत असं समजा. सगळ्यांना रामराम घालायला पन्नास मिनिटं लागतील, तोवर गाडी कधीच निघून गेलेली असेल! स्टॅनली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 साली हेच मांडलं. शहरात इतके चेहरे समोर येतात की प्रत्येकाची दखल घेणं मनाला झेपत नाही. म्हणून मन बहुतेकांना गाळून टाकतं.

गावातला रामराम मात्र चौकशीही करतो. पाठोपाठ प्रश्न येतोच, “कोणाकडे आलात पाहुणे?” उत्तर मिळालं की नवा माणूस कुणाचा तरी मामा किंवा जावई ठरतो. न बोलता पुढे गेलात, तर लोकांना तुमचाच संशय येतो.

शहरात नेमकं उलटं होतं. तिथे गप्प राहणं हीच रीत. एखाद्याने मध्येच थांबवून “नमस्कार, कसे आहात?” म्हटलं, की वाटतं, याला काहीतरी विकायचं असेल किंवा पत्ता तरी विचारायचा असेल. गर्दीत एकमेकांकडे क्षणभर बघून नजर वळवायची, हाही शिष्टाचारच आहे, असं अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. नजर वळवणारा माणूस जणू सांगत असतो, ‘मी तुम्हाला पाहिलं, पण त्रास देणार नाही.’

मला सगळ्यात आवडतो तो मिलग्रॅमचा पुढचा प्रयोग. त्याच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कजवळच्या एका स्टेशनवर सकाळच्या प्रवाशांचे फोटो काढले आणि नंतर ते त्याच प्रवाशांना दाखवले. बहुतेकांनी निदान एक तरी चेहरा ओळखला, पण त्या माणसाशी ते कधी बोललेच नव्हते! मिलग्रॅमने अशांना ओळखीचे अनोळखी म्हटलं. ही माणसं रोजच्या जागेपासून जितकी लांब भेटतील, तितकं त्यांच्याशी बोलणं सोपं जातं, असंही त्याच्या लक्षात आलं.

म्हणजे बाबांच्या फलाटावरचा तो रोजचा चष्मेवाला माणूस एखाद्या दिवशी जळगाव स्टेशनवर समोर आला, तर दोघंही चटकन हसतील. “अरे, तुम्ही भेस्तानला गाडी पकडता ना?” आणि मग रामराम, गाव कोणतं, चहा घेणार का, सगळं ओघाने होईल.