थेंब मोठा, फरक खोटा

आमच्या सोसायटीच्या फलकावर पाणीवापराचं चित्र लागलं. आंघोळ ५५ लिटर, भांडी १० लिटर, दोन्ही थेंबांच्या रूपात. आंघोळीचा थेंब साडेपाचपट उंच काढला, तशी रुंदीही वाढली आणि क्षेत्रफळ तीसपट झालं! इथे आडव्या पट्ट्याच हव्यात. त्यांची फक्त लांबी बदलते. आकड्यांपुढे नुसतं ‘लिटर’. माणशी की घरटी, रोजचे की महिन्याचे, कळेना. खरं तर ते शहरी १३५ लिटरच्या मानकातले, माणशी रोजचे. नजरही आधी कोपऱ्यातल्या नळावरच जायची. वर १३५चा मथळा द्या, खाली आंघोळ ५५, फ्लश ३०, कपडे २० अशा उतरत्या पट्ट्या, नावं पट्टीलगत. मग शेजाऱ्याला दाखवून विचारा, सर्वांत जास्त पाणी कुठे जातं?