चौरस फुटाला तीनशे रुपये कुठून येतात?

दिवाळीआधी हॉलमध्ये भरणाऱ्या तीन दिवसांच्या खरेदी प्रदर्शनात दहा बाय दहाचा स्टॉल घ्यायला गेलं की भाव ऐकून अनेक जण मनातल्या मनात गणित मांडतात. हॉलचं भाडं साधारण माहीत असतं. ते हॉलच्या क्षेत्रफळाने भागलं तर चौरस फुटाला पस्तीसएक रुपये पडतात, आणि आयोजक तर तीनशे मागतो. मधले दोनशे पासष्ट रुपये त्याच्या खिशात जातात, असा ग्रह होणं स्वाभाविक आहे. पण हा भागाकारच चुकीच्या आकड्याने केलेला असतो.

शंभर फूट लांब आणि साठ फूट रुंद असा एक हॉल धरू, म्हणजे सहा हजार चौरस फूट. भाडं दिवसाला साठ हजार आणि आदल्या दिवशी मांडणीसाठी निम्मं, असे एकूण दोन लाख दहा हजार. आता या हॉलमध्ये स्टॉल बसवू. दोन्ही लांब भिंतींना टेकून आठ-आठ स्टॉल बसतात. संकटकाळच्या दारांसमोर आणि प्रवेशापाशी जागा मोकळी सोडावीच लागते. मध्यभागी पाठीला पाठ लावलेले सहा-सहा स्टॉलचे दोन गट, आणि सगळीकडे लोकांना चालायला किमान दहा फुटांची वाट. वाट याहून अरुंद केली तर एका स्टॉलसमोर चार जण थांबले की मागची रांग अडते, आणि अडलेला माणूस खरेदी न करता बाहेर पडतो. एकूण अठ्ठावीस स्टॉल झाले. सहा हजारांपैकी विकता येणारी जागा फक्त अठ्ठावीसशे चौरस फूट, निम्म्याहूनही कमी. पस्तीस रुपयांचे इथेच पंच्याहत्तर झाले.

त्यावर बाकीचा खर्च चढतो. स्टॉलच्या पट्ट्या-पॅनेल, टेबल-खुर्च्या आणि दिवे, वीज आणि जनरेटर, जाहिरात, परवानग्या, सुरक्षारक्षक, सफाई. आपल्या उदाहरणात हॉल धरून सगळं मिळून साडेपाच लाख होतात असं मानू. ते अठ्ठावीसशे फुटांवर वाटले तर चौरस फुटाला एकशे शहाण्णव रुपये. मात्र सगळे स्टॉल जातातच असं नाही. चार रिकामे राहतील असं धरून भाव काढणं शहाणपणाचं, आणि मग खर्च भरून निघण्याचाच भाव दोनशे एकोणतीसवर जातो. त्यापुढचे एकाहत्तर रुपये म्हणजे आयोजकाची कमाई, आणि सवलतीही त्यातूनच द्यायच्या. वर अठरा टक्के जीएसटी. तो आयोजकाचा नसतो, पण जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला त्याची वजावट मिळत नाही. त्याच्यासाठी खरा भाव तीनशे चोपन्न असतो. स्टॉल घेताना भाव करासह विचारावा तो यासाठीच.

आता कोपरा. मधल्या स्टॉलची एकच बाजू उघडी असते, दहा फूट. कोपऱ्यावरच्या स्टॉलच्या दोन बाजू उघड्या, म्हणजे जागा तेवढीच असून दर्शनी भाग वीस फूट. म्हणून कोपऱ्याला दहा-पंधरा टक्के जादा आकारतात. मोठ्या व्यापारी प्रदर्शनांत, जिथे जागा चौरस मीटरवर विकली जाते, तीन किंवा चारही बाजू उघड्या असल्या की आकार आणखी वाढतो. पण दुसरी बाजू उघडली की एक भिंत जाते, याकडे घेणाऱ्याचं लक्ष नसतं. मिक्सर किंवा भाजी कापण्याचं यंत्र चालवून दाखवणाऱ्याला, मसाल्यांची चव देणाऱ्याला कोपरा सोन्यासारखा. साड्या, कुर्ते, तोरणं टांगून विकणाऱ्याला मात्र भिंत हवी. जादा पैसे मोजून त्याने स्वतःची टांगण्याची जागाच कमी केलेली असते. शिवाय प्रवेशासमोरचा कोपरा आणि मागे स्वच्छतागृहाजवळचा कोपरा नकाशावर सारखेच दिसले तरी त्यांना एकच जादा आकार लावणं मला अन्यायाचं वाटतं. खांब, स्टेजवरचे स्पीकर, मागचं दार हे सगळं प्रत्यक्ष जागेवर उभं राहून बघावं.

आयोजकांचाही इथे एक गैरसमज असतो: गट तोडून जास्त कोपरे काढले की जास्त पैसे येतील. आपल्याच हॉलमध्ये मधोमध सत्तर फुटांचा एकच सलग गट केला असता तर चौदा स्टॉल बसले असते आणि कोपरे चार. मध्ये आडवी वाट सोडून दोन गट केले तर स्टॉल बारा आणि कोपरे आठ. चार कोपरे वाढले, पंधरा टक्क्यांनी त्यांचा जादा आकार जेमतेम पाऊण स्टॉलच्या आत. गमावले मात्र दोन पूर्ण स्टॉल. तरीही ती आडवी वाट हवी, कारण ती नसली तर सत्तर फूट चालत गेलेला माणूस पलीकडच्या बाजूला वळतोच असं नाही. वाट गर्दी फिरण्यासाठी असते, कोपऱ्यांच्या कमाईसाठी नाही.

लवकर नोंदणीची सवलत हा यातला सर्वांत नाजूक भाग. समजा, ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे भरणाऱ्याला पंधरा टक्के सूट, म्हणजे मधला स्टॉल साडेपंचवीस हजारांना. बारा जणांनी तो लाभ घेतला की आयोजकाचे चौपन्न हजार गेले. हॉलचा आगाऊ भरणा करायला हे पैसे उपयोगी पडतात हे खरं, पण नुसतं भांडवल उभं करायचं असेल तर काही महिन्यांच्या व्याजाने ते यापेक्षा स्वस्तात मिळालं असतं. सवलतीने खरं विकत घेतलं जातं ते म्हणजे नावं आणि अंदाज. चार चांगले विक्रेते नक्की झाले की बाकीचे येतात, जाहिरातीत काय छापायचं ते कळतं, आणि बाराऐवजी तीनच नोंदण्या आल्या तर प्रदर्शन पुढे ढकलायला वेळ उरतो.

पण लवकर येणारे सगळ्यात आधी कोपरेच उचलतात. जे आपोआप विकलं जाणार होतं त्यावरच सूट जाते. म्हणून सूट फक्त मूळ भाड्यावर द्यावी, कोपऱ्याच्या जादा आकारावर नाही, आणि तसं नोंदणी अर्जावर स्पष्ट छापावं. लवकर घेतलेला कोपरा मग बरोबर तीस हजारांना जातो. बारा लवकरच्या नोंदण्यांत सहा कोपरे, नंतरच्या बारांत दोन, असा हिशोब धरला तर चोवीस स्टॉलचे सात लाख दोन हजार होतात आणि खर्च जाऊन दीड लाख उरतात. चार महिन्यांच्या धावपळीचे ते दीड लाख आहेत.

मग शेवटच्या आठवड्यात ते चार रिकामे स्टॉल डोळ्यांत खुपतात. पंधरा हजारांत दिले तरी साठ हजार येतील, असं वाटतं. ते देऊ नयेत. मांडणीच्या दिवशी शेजारी-शेजारी खोकी उघडताना पहिला विषय निघतो तो भाड्याचाच. तीस हजार भरलेल्या बाईंना शेजारी निम्म्यात बसल्याचं संध्याकाळपर्यंत कळतं, आणि साडेपंचवीस हजार आधी भरून पैसे अडकवलेल्यांनाही कळतं. पुढच्या वर्षी सवलतीच्या तारखेला कोणी फिरकत नाही. सगळे शेवटच्या आठवड्याची वाट बघतात आणि आयोजक हॉलचे पैसे भरून रिकाम्या नकाशासमोर बसतो. मुदतवाढीचंही तेच: तारीख एकदा पुढे सरकली की ती तारीख राहत नाही. रिकाम्या जागेचा उपयोग दुसरा करावा. दोन स्टॉल शेजारच्यांना माल ठेवायला आणि कपडे घालून बघायला द्यावेत, एकात मुलांसाठी किल्ला किंवा आकाशकंदील करण्याचं टेबल मांडावं, आणि उरलेल्यात ज्येष्ठांना बसायला खुर्च्या ठेवाव्यात. आई-आजी बसल्या की घरचे लोक हॉलमध्ये अर्धा तास जास्त राहतात.