लघवीच्या अहवालातील ‘ट्रेस’

लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिने आणि साखर रसायन लावलेल्या पट्टीच्या रंगावरून कळतात, तर पू-पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या जातात. ‘ट्रेस’ म्हणजे पट्टीचा रंग किंचित बदलला, पण ‘१+’ इतका नाही.

एखाद्या स्त्रीच्या अहवालात पू-पेशी ८-१०, प्रथिने ट्रेस, साखर नाही, एपिथेलियल पेशी भरपूर आणि विशिष्ट गुरुत्व १.०३० असे लिहिलेले असते. पू-पेशी साधारण ५ पर्यंत सामान्य मानतात, त्यामुळे ८-१० पाहून जंतुसंसर्गाची शंका येते. पण एपिथेलियल पेशी भरपूर असणे ही नमुन्यात बाहेरच्या त्वचेचा किंवा योनिस्राव मिसळल्याची खूण आहे, आणि त्या स्रावाबरोबर पू-पेशीही येतात. जळजळ किंवा ताप नसेल, तर अशा आकड्यावर प्रतिजैविक सुरू करणे चुकीचे ठरते. जागा स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली धार घ्यावी आणि नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावा.

१.०३० हे गुरुत्व लघवी घट्ट असल्याचे सांगते. पट्टी प्रथिनांची तीव्रता मोजते, दिवसभरातले एकूण प्रमाण नव्हे. म्हणून घट्ट लघवीत निरोगी माणसालाही ट्रेस दिसतो. ताप आणि जोरदार व्यायामानंतरही तसेच होते. सकाळच्या पहिल्या लघवीत तो पुन्हा आढळला, किंवा मधुमेह अथवा रक्तदाब असेल, तर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासावे लागते.

साखर बहुधा रक्तातील पातळी १८० च्या वर गेल्यावरच लघवीत उतरते. त्यामुळे ‘साखर नाही’ यावरून मधुमेह नाही असे ठरत नाही. उलट डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. ती घेणाऱ्याच्या अहवालात ‘३+’ अपेक्षितच असते.